सगळ्यात वरची पोस्ट

प्रिय दोस्ता,

काल तुझं इन्स्टाग्राम प्रोफाइल निवांत पाहिलं. सगळ्यात वर तू सूर्यास्ताचा फोटो पिन केला आहेस. कड्यावर उभं जोडपं, दोघंही नुसत्या काळ्या आकृत्या. लाइक्स भरपूर आहेत, पण खालच्या कमेंट्स वाच: ‘लेन्स कोणती?’, ‘एडिटिंग कशात केलंस?’ म्हणजे फोटो आवडलाय तो आपल्याच धंद्यातल्या, लग्नाचे फोटो काढणाऱ्या लोकांना. ते काही तुला लग्नाचं काम देणार नाहीत.

मीही दोन हंगाम असाच एक फोटो मिरवला. चौकशी यायची ती ‘किती घेता?’ एवढीच, आणि आकडा सांगितला की पुढे शांतता. लग्न ठरलेल्या माणसाच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं: हॉलच्या पिवळ्या दिव्यात आमचे चेहरे कसे येतील? कॅमेऱ्यासमोर अवघडणाऱ्या माझ्या वडिलांचा एक तरी बरा फोटो मिळेल का? एकटा सुंदर फोटो याचं उत्तर देत नाही.

म्हणून एकाच लग्नाची कॅरोसेल पिन कर, आठ-दहा फोटोंची. लग्न निवडताना सगळ्यात देखणं शोधू नकोस. पुढे ज्या प्रकारची कामं हवीत तसं निवड. छोटी घरगुती लग्नं हवी असतील तर भव्य सजावटीचं लग्न वर ठेवून काय उपयोग? ते बघून घरगुती लग्नवाले ‘हा आपल्याला परवडायचा नाही’ म्हणत निघून जातात.

मी शेवटी ज्या लग्नाचे फोटो पिन केले त्यात मुख्य विधीच्या वेळी पाऊस आला होता आणि सगळे आत दाटीवाटीने उभे होते. पहिला फोटो जोडप्याचा, चेहरे स्पष्ट, मधोमध, कारण ग्रिडमध्ये कडा कापल्या जातात. मग तयारीची घाई, कमी उजेडातला विधी, चष्मा पुसणारे वडील, सगळ्या नातेवाइकांचा ग्रुप फोटो. ग्रुप फोटो आपल्याला कंटाळवाणा वाटतो, पण घरचे आधी तोच बघतात. शेवटच्या स्लाइडवर फक्त मजकूर: किती तास असतो, फोटो किती दिवसांत देतो, आणि ‘तारीख, ठिकाण आणि अंदाजे पाहुणे कळवा’. कॅप्शनच्या पहिल्या ओळीतही हेच मागणं, कारण बाकीचं ‘more’ खाली दडतं.

त्यानंतर मेसेजमध्ये तारखा येऊ लागल्या. तूही लाइक्स सोडून तेच मोज: दर आठवड्याला किती मेसेज आले आणि त्यातल्या कितींमध्ये तारीख होती. मात्र ऐन हंगामातला आठवडा रिकाम्या दिवसांशी ताडून पाहू नकोस, आकडे फसवतील.

इन्स्टाग्राम तीन पोस्ट पिन करू देतं. तूर्त एकच ठेव, नाहीतर कोणत्या पोस्टमुळे मेसेज आला ते कळायचं नाही. आणि पिन करण्याआधी त्या जोडप्याला विचार. फोटो टाकायला त्यांनी हो म्हटलं असेल, पण वर्षभर दर्शनी ठेवायला म्हटलेलं नसतं.

तुझा,
दादा