आठवीच्या विज्ञानासाठी स्क्रॅचमधील उजळणीचा खेळ

प्रश्न: मी आठवीला विज्ञान शिकवते. धड्यांच्या उजळणीसाठी स्क्रॅचमध्ये प्रश्नमंजूषा तयार करायची आहे, पण प्रोग्रॅमिंग येत नाही. किती दिवस लागतील आणि गुण व टायमर कसे लावावेत?

मीही आठवीला विज्ञानच शिकवते. रोज रात्री तासभर बसून मला तीन आठवडे लागले. त्यांतला पहिला आठवडा मी चित्रे आणि आवाज जोडण्यात घालवला, तो तुम्ही वाचवा. टायमर मात्र लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या शाळेत संगणक शिकवणारे एक सहकारी माझा खेळ पाहून म्हणाले, "मॅडम, यात वेळ नाही, क्रमांक नाही, हा खेळ कसला?" त्यांच्या आग्रहावरून मी 'अणूचे अंतरंग' या धड्याच्या बारा प्रश्नांना दहा-दहा सेकंद लावून पाहिले. मुले प्रश्न वाचायच्या आधीच 1, 2 किंवा 3 दाबू लागली. तीन पर्यायांत अंदाजाने तिसरा हिस्सा गुण मिळतातच, त्यामुळे कोणाला काय येत नाही हे मला अजिबात कळेना. उजळणीत चुकलेला प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा समोर आला पाहिजे, आणि स्क्रॅचमध्ये हे साधता येते.

त्यासाठी प्रश्न आणि उत्तरे अशा दोन याद्यांबरोबर 'रांग' नावाची आणखी एक यादी करा. खेळ सुरू होताना तिच्यात 1 ते 12 हे प्रश्नांचे क्रमांक भरावेत. प्रत्येक फेरीत रांगेतला पहिला क्रमांक 'क्र' या व्हेरिएबलमध्ये घेऊन तो रांगेतून काढायचा आणि त्या क्रमांकाचा प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आले तर बरोबर उत्तरांचा आकडा एकने वाढवायचा, आणि क्रमांक गेला तो गेला. चुकले तर तो चौथ्या जागी परत घालायचा, म्हणजे मध्ये तीन प्रश्न होऊन तो पुन्हा येतो. रांग रिकामी झाली की खेळ संपतो.

इथेच माझी चूक झाली होती. एका मुलीने शेवटचा प्रश्न चुकवला, तरी खेळाने तिला शाबासकी दिली. बरोबर उत्तरांचा आकडा शेवटी बारा यायला हवा होता, तो अकरा आला होता. दोन रात्री शोधल्यावर कारण सापडले: रांगेत तीनपेक्षा कमी क्रमांक उरले की चौथी जागा अस्तित्वातच नसते, आणि तेव्हा स्क्रॅच कोणतीही सूचना न देता तो ब्लॉक सोडून देतो. त्यामुळे शेवटच्या तीन प्रश्नांपैकी चुकलेला प्रश्न परत येतच नव्हता. चुकीच्या उत्तराच्या भागात ही अट घातल्यावर ते थांबले:

```
if <(length of [रांग]) > (2)> then
  insert (क्र) at (4) of [रांग]
else
  add (क्र) to [रांग]
end
```

आता पर्यायांविषयी. 'सोडिअमचा अणुअंक 11 आणि वस्तुमानांक 23 आहे, तर केंद्रकात न्यूट्रॉन किती?' याला मी 11, 12 आणि 34 हे पर्याय दिले आहेत. 11 निवडणाऱ्याने प्रोटॉनची संख्या सांगितलेली असते, 34 निवडणाऱ्याने वजाबाकीऐवजी बेरीज केलेली असते. म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायासाठी मी 'कारण'च्या तीन वेगळ्या याद्या ठेवल्या, आणि मुलाने जो पर्याय दाबला त्याच्याच यादीतले वाक्य सहा सेकंद दाखवले. केवळ 'चूक' असे सांगितल्यावर तेच मूल दुसऱ्यांदाही बेरीजच करत होते. 'तू दोन्ही आकडे मिळवलेस, वस्तुमानांकात प्रोटॉन आधीच मोजलेले आहेत' हे वाचल्यावर बहुतेकांनी पुढच्या फेरीत 12 निवडले. माझ्या सहकाऱ्यांना हे मी तेव्हा नीट पटवून देऊ शकले नाही, पण वर्गात मला जे दिसले ते हेच.

उत्तर शब्दांत टाइप करायला लावू नका. 'केंद्रक' आणि 'केन्द्रक' यांना स्क्रॅच वेगळे मानतो, शब्दामागे एक जागा जास्त पडली तरी उत्तर चूक ठरवतो. फोनवरच्या मराठी कळफलकातून आलेला '२' हाही त्याला 2 वाटत नाही, म्हणून पर्यायाचा क्रमांक इंग्रजी आकड्यातच टाइप करायला सांगा. याद्यांच्या समोरची खूण काढायलाही विसरू नका, नाहीतर उत्तरांची यादी पडद्यावरच दिसत राहते.

एक मर्यादा सांगते: आकृत्या, शास्त्रीय कारणे आणि फरक स्पष्ट करा, यांची उजळणी या खेळाने होत नाही, ती वहीतच करावी लागते. आणि टायमर हवाच असेल, तर ज्यांची रांग एकदा रिकामी झाली आहे त्यांच्यासाठीच तो ठेवा. सुरुवात एकाच धड्याच्या पाच प्रश्नांपासून करा, आणि तिसरा, चौथा व पाचवा प्रश्न मुद्दाम चुकवून पाहा. शेवटी बरोबर उत्तरांचा आकडा पाच आला, तरच पुढचे प्रश्न भरा.