वाचनगटातल्या तिला कोणतं पुस्तक सुचवावं?

प्रश्न: आमच्या वाचनगटाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तीसेक जणांचा. त्यातली एक जण हल्ली मला वेगळे मेसेज करते. 'तुमचं टिपण वाचलं की पुस्तक वाचायची गरजच उरत नाही' वगैरे, पुढे डोळा मारणारी इमोजी. काल विचारलं, 'पावसात वाचण्यासारखं काहीतरी सुचवा ना. रडकं नको.' दोघंही एकटे आहोत, तिशी ओलांडलेली, अजून अहो-जाहोच चालतं. मलाही ती आवडते. थेट न बोलता कळेल असं कोणतं पुस्तक सुचवू आणि मेसेजमध्ये काय लिहू?

उत्तर:

आधी एवढं बघा की ही फर्माईश ग्रुपवर आली होती की फक्त तुम्हाला. ग्रुपवरच्या इमोजीवर जाऊ नका. आमच्या कट्ट्यावर सत्तरीच्या एक काकू आहेत, त्या आलेल्या प्रत्येक टिपणाला लाल बदाम पाठवतात, अगदी श्रद्धांजलीलासुद्धा. पण तीस माणसं पुस्तकं सुचवायला टपून बसलेली असताना तिनं ग्रुप सोडून तुम्हाला एकट्याला विचारलं असेल, तर तिला पुस्तकाइतकंच तुमचं उत्तरही हवं आहे. मग तुम्हीही उत्तर तिथेच द्या, ग्रुपवर नको.

पुस्तक निवडताना बहुतेक जण गाजलेली प्रेमकथा उचलतात. तसं केलं की इशारा उरत नाही, जाहिरात होते. शिवाय समोरचा माणूस पुस्तक शेवटपर्यंत वाचतो, हे सुचवणारा विसरतो. 'रणांगण' माझं फार लाडकं. बेडेकरांनी १९३९ साली लिहिलेलं, बोटीवरच्या थोड्या दिवसांत फुललेलं प्रेम. पण नायिका हेर्टाचं पुढे काय होतं ते आठवा आणि ते वाचून रात्री दोन वाजता ती तुमच्याबद्दल काय विचार करेल तेही. तिनं तर 'रडकं नको' म्हटलंय. सुनीताबाई देशपांड्यांची 'प्रिय जीए'मधली पत्रंही काही जण या कामाला लावतात. मला ते पटत नाही. ती पत्रं मैत्रीची आणि वाचनाची आहेत, त्यांना असं राबवणं सुनीताबाईंवर अन्याय आहे.

माझी सूचना एकच आहे: हेलीन हँफचं '८४, चेअरिंग क्रॉस रोड'. इंग्रजी आहे, पण पत्रांतलं इंग्रजी, गप्पा मारल्यासारखं. पुस्तक इतकं लहान की एका पावसाळी संध्याकाळी संपतं.

हेलीन न्यूयॉर्कमध्ये राहणारी, लिखाणावर कशीबशी पोट भरणारी. तिला जुनी, दुर्मीळ पुस्तकं हवी असतात पण परवडत नाहीत. एका साप्ताहिकात लंडनच्या 'मार्क्स अँड कंपनी' या जुन्या पुस्तकांच्या दुकानाची जाहिरात दिसते आणि ५ ऑक्टोबर १९४९ला ती त्यांना यादी पाठवते. दुकानातून फ्रँक डोएल नावाचा माणूस उत्तर देतो. तो शिष्ट, नीटस, एकही शब्द जास्त न लिहिणारा. ती फटकळ, अघळपघळ, उसनं भांडण काढणारी. हा पत्रव्यवहार जवळजवळ वीस वर्षं चालतो. इंग्लंडमध्ये युद्धानंतरचं रेशनिंग चालू असतं, म्हणून ती पहिल्याच नाताळला दुकानासाठी सहा पौंड वजनाचं हॅम पाठवते आणि लगेच घाबरते, कारण मालकांची नावं मार्क्स आणि कोहेन, म्हणजे ज्यू. त्यांना डुकराचं मांस चालेल का?

या सगळ्यात 'आवडतेस', 'आवडतोस' हा शब्द कुठेही येत नाही. तरी तुम्हाला हव्या त्या दोन जागा आहेत.

पहिली २५ मार्च १९५०च्या पत्रात. हेलीन फ्रँकवर कडाडते की तुम्ही तिथं नुसते बसून आहात, माझी पुस्तकं कुठे आहेत. मग म्हणते, वसंत येतोय, मला प्रेमकवितांचं एक पुस्तक हवंय. कीट्स-शेली नकोत, प्रेम करताना लाळ न गाळणारे कवी पाठवा, कोणते ते तुम्हीच ठरवा. खिशात मावेल आणि बागेत नेता येईल एवढंच असू दे. आता तुमच्या मैत्रिणीचा कालचा मेसेज पुन्हा वाचा. ऋतूचं निमित्त आहे, 'हे नको' अशी अट आहे आणि निवड तुमच्यावर सोडली आहे.

दुसरी जागा १९५२च्या फेब्रुवारीतली. तोवर दोन वर्षांहून जास्त काळ फ्रँक तिला 'मिस हँफ' असंच लिहीत असतो. तेव्हा तो पहिल्यांदा 'डिअर हेलीन' म्हणतो आणि खुलासा करतो की मी काही इतका शिष्ट नाही, पण माझ्या पत्रांच्या नकला ऑफिसच्या फायलीत जातात, म्हणून तसं लिहीत होतो. सगळ्यांसमोर एक बोलायचं आणि मनात वेगळंच असायचं, हे ज्यांचं ओळखपाळख तीस जणांच्या ग्रुपवर चालतं त्यांना लगेच कळेल.

आता मेसेज. पहिला असा काहीतरी:

'एक छोटंसं पुस्तक आहे. लंडनचा पुस्तकविक्रेता आणि न्यूयॉर्कची भांडखोर गिऱ्हाईक, नुसती पत्रं. रडकं नाही, शेवटची चार पानं सोडून. माझी प्रत देतो. २५ मार्च १९५०च्या पत्राशी पोचलात की कळवा.'

इथं तारीख महत्त्वाची आहे. तिला काही समजून घ्यायचं नसेल, तर हा एका वाचकानं दुसऱ्याला दिलेला साधा सल्ला आहे आणि कुणालाच अवघडल्यासारखं होणार नाही. समजून घ्यायचं असेल, तर ती ते पत्र आधी उघडेल. छापील प्रतच द्या. पीडीएफ पाठवलंत तर परत देण्याच्या निमित्तानं होणारी भेट तुम्हीच घालवाल. पेन्सिलीनं ओळी अधोरेखित करू नका, पहिल्या पानावर काही लिहू नका. लिहिलेलं नाकारता येत नाही आणि तिला नाकारायची सोय हवी. शेवटाबद्दल सांगून टाका, कारण 'रडकं नको' ही तिची अट आहे आणि ती तुम्ही लपवून मोडलेली नको.

तिचा मेसेज येईल, 'पोचले. हेच पत्र का?' तेव्हा लांबलचक खुलासा नको. एवढं पुरे:

'तुमची फर्माईश आठवली. हेलीननंही ऋतूचंच निमित्त काढलं होतं.'

हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत धीट मेसेज आहे, त्यामुळे पाठवून झाल्यावर फोन उलटा ठेवा. प्रश्नचिन्ह किंवा दोन निळ्या टिकांनंतरचं 'गंमत केली हो' तर मुळीच पाठवू नका.

तिच्या उत्तरात काय बघायचं? कौतुक किती केलं हे नाही, ती पुस्तकातली एखादी नेमकी गोष्ट उचलते का हे. 'हॅमचं वाचून हसले, पण फ्रँक जरा जास्तच सभ्य आहे, नाही?' असं आलं तर ती फ्रँकबद्दल बोलत नाहीये. 'मस्त आहे, धन्यवाद' आणि वर अंगठा आला, तर तिला पुस्तक आवडलं, इतकंच. मग दुसरं पुस्तक सुचवून पुन्हा प्रयत्न करू नका. एका वाचनगटात दर आठवड्याला नवा इशारा यायला लागला की बाईमाणूस आधी टिपणं टाकणं बंद करते आणि मग ग्रुप सोडते. हे मी होताना पाहिलंय.

एक हरकत ती घेईल, आणि घेतली तर उत्तमच: 'पण फ्रँकचं तर लग्न झालेलं होतं!' हो. त्याला बायको नोरा आणि दोन मुली होत्या. म्हणूनच सगळं इतकं दबलेलं आहे. १९६८च्या डिसेंबरमध्ये फ्रँक वारला, त्यानंतर नोरानं हेलीनला पत्र लिहिलं. त्यात ती म्हणते की मला कधीकधी तुझा फार हेवा वाटायचा, त्याला तुझी पत्रं इतकी आवडत. माझ्या मते पुस्तकातली सर्वांत उघड ओळ हीच, आणि ती लिहिली बायकोनं. हेलीन १९७१ला लंडनला पोचली तेव्हा दुकानही बंद झालं होतं.

पुस्तक संपल्यावरचा मेसेज तिथूनच निघतो:

'या दोघांचं मला एकच पटलं नाही. वीस वर्षं लिहिलं, चहाला एकदाही भेटले नाहीत. आपण रविवारी भेटायचं का?'

आता सरळ विचारलंय, आडपडदा संपला. 'हो' आलं तर अहो-जाहोचं काय ते तिच्यावर सोडा. फ्रँकला 'मिस' गाळायचं हेलीननंच सुचवलं होतं, त्यानं फक्त होकार दिला. चहाच्या दुसऱ्या कपाला ती स्वतः 'तू' म्हणेल किंवा म्हणणार नाही. 'बघते, कळवते' आलं तर एक आठवडा थांबा, पुन्हा विचारू नका.

ती इंग्रजी फारसं वाचत नसेल तर मिलिंद बोकिलांचं 'शाळा' द्या. नववीतला मुकुंद जोशी आणि शिरोडकर, बाहेर आणीबाणी. तिथंही न बोललेलंच जास्त आहे. अडचण इतकीच की तिनं ते वाचलेलं असण्याची शक्यता मोठी, निदान सिनेमा पाहिलेला. तेव्हा आधी विचारून घ्या.

आणि कदाचित ती तुमचं पुस्तक घेऊन सरळ ग्रुपवर लिहील, 'यांनी सुचवलेलं हे सुंदर पुस्तक पुढच्या महिन्यात सगळ्यांनी वाचूया.' हा नकारच आहे, पण फार सभ्य नकार. त्या रविवारी चर्चेला जा, रेशनिंगवर बोला आणि २५ मार्चच्या पत्राचा विषय दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या.