दुकानाच्या नंबरवर रेकॉर्डेड स्वागत आणि स्टाफकडे कॉल

प्रश्न: माझं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे, तीन पोरं कामाला. सगळे फोन माझ्याच मोबाइलवर येतात, निम्मे सुटतात. आधी रेकॉर्डेड स्वागत वाजून कॉल पोरांकडे जावा, असं कसं करायचं?

उत्तर: नुसत्या मोबाइलच्या कॉल फॉरवर्डिंगने हे जमत नाही. त्यात कॉल एकाच नंबरवर वळतो आणि स्वागत वाजत नाही. क्लाउड टेलिफोनी देणाऱ्या कंपनीकडून (एक्झोटेल, मायऑपरेटर वगैरे) व्हर्च्युअल नंबर, म्हणजे सिमशिवाय कंपनीच्या सिस्टिमवर चालणारा नंबर, घ्यावा लागेल.

पाटीवर, बिलावर छापलेला जुना नंबर मात्र सोडू नका. फोनच्या सेटिंगमधून त्यावरचे सगळे कॉल व्हर्च्युअल नंबरवर वळवा. इथे हमखास एक घोळ होतो: मालक तोच जुना नंबर कॉल घेणाऱ्यांच्या यादीतही टाकतो. मग सिस्टिम त्याला कॉल लावते, तो फिरून सिस्टिमकडेच येतो आणि गिऱ्हाईक ताटकळत राहतं. तुम्हालाही कॉल घ्यायचे असतील तर दुसरं सिम ठेवा.

स्वागत दहा सेकंदांत संपवा: "नमस्कार, अमुक रेफ्रिजरेशन. नवीन तक्रारीसाठी एक दाबा, चालू कामाच्या चौकशीसाठी दोन." बस. मागे संगीत नको, फोनच्या लाइनवर त्याची नुसती खरखर होते आणि शब्द कळत नाहीत. काहीच न दाबणारेही असतात (आमच्याकडे वयस्कर मंडळी बहुतेक अशीच), त्यांचा कॉल आपोआप 'एक'वर जाऊ द्या.

आता खरा हिशेब. तिघांना एकामागून एक वीस-वीस सेकंद रिंग दिली तर स्वागतासकट सत्तर सेकंद होतात. तेवढा वेळ कोण थांबतो? त्यापेक्षा दोघांना एकदम रिंग द्या, कोणीच उचलला नाही तर तिसऱ्याला. शिडीवर चढलेला पोरगा फोन उचलणार नाही हे गृहीतच धरा. आणि पोरांच्या फोनवर व्हॉइसमेल किंवा स्वतःचं फॉरवर्डिंग चालू असेल तर बंद करायला लावा. व्हॉइसमेलने कॉल घेतला की सिस्टिमला वाटतं माणसाने उचलला, आणि पुढच्याला रिंग जातच नाही.

बऱ्याच सेवांमध्ये पोरांच्या स्क्रीनवर गिऱ्हाइकाचा नंबर दिसत नाही, व्हर्च्युअल नंबर दिसतो. तो त्यांच्या फोनमध्ये 'दुकान कॉल' म्हणून सेव्ह करून द्या, नाहीतर जाहिरातीचा समजून कापतील. त्या नंबरला उलट फोन लावला तर आपलंच स्वागत ऐकू येतं, म्हणून सुटलेल्या कॉलला परत फोन कंपनीच्या ॲपमधूनच करायचा. ॲपमधली मिस्ड कॉलची यादी दुपारी आणि दुकान बंद करताना कोण बघणार, ते एका पोराच्या नावाने ठरवून टाका.