रजिस्टर कुठे टाकायचं

प्रिय,

तुझी पाइपलाइनची आकृती नीट पाहिली. a आणि b चा गुणाकार, त्यात c ची बेरीज, शेवटी सॅच्युरेशन. मल्टिप्लायरला 6 नॅनोसेकंद, अ‍ॅडरला 3, सॅच्युरेशनला 2. दोन्ही टोकांना रजिस्टर आहेतच. रजिस्टरचा क्लॉक-टू-क्यू 0.3 आणि सेटअप 0.2 धरून मूळ क्लॉक पिरियड 11.5 येतो, तो तू बरोबर काढलास.

पुढे मात्र गुणाकारानंतर रजिस्टर टाकून पिरियड 5.75 लिहिलास, म्हणजे सरळ निम्मा. पिरियड सर्वांत लांब स्टेज ठरवते आणि प्रत्येक स्टेजला रजिस्टरचे 0.5 पुन्हा मोजावे लागतात. इथे 6 + 0.5, म्हणजे 6.5. लेटन्सी दोन क्लॉकची, 13 नॅनोसेकंद. आधीपेक्षा दीड नॅनोसेकंद जास्त का? अर्धा नव्या रजिस्टरचा, आणि एक वाया गेलेला: दुसऱ्या स्टेजचं काम 5.5 मध्येच संपतं, मग ती क्लॉकची वाट पाहत थांबते. पण निकाल आता दर 6.5 ला एक मिळतो, आणि आपल्याला हवं होतं ते हेच.

बेरीज आणि सॅच्युरेशनच्या मध्ये आणखी एक रजिस्टर टाकायचा तुझा विचार सोड. मल्टिप्लायर 6 वरच अडलेला आहे, त्यामुळे पिरियड 6.5 च राहील आणि लेटन्सी मात्र 19.5 होईल. आधी मल्टिप्लायर आतून तोड. तो 3-3 असा तुटला, तर त्या रजिस्टरलाही अर्थ येतो: चार स्टेज, पिरियड 3.5, लेटन्सी 14. तीन स्टेजना 19.5 आणि चारांना 14, हे मला पहिल्यांदा हाताने मांडल्याशिवाय पटलं नव्हतं. तूही मांडून बघ.

आता खरी चूक. गुणाकाराच्या वाटेवर रजिस्टर टाकलंस, पण c थेट अ‍ॅडरला जातो. त्यामुळे आधीच्या a, b च्या गुणाकारात आत्ताचा c मिसळतो. तुझ्या टेस्टबेंचमध्ये इनपुट बराच वेळ स्थिर राहतात, म्हणून उत्तर बरोबर दिसलं. दर क्लॉकला तिन्ही इनपुट बदल, लगेच उघडं पडेल. आकृतीवर एक रेघ आडवी मार. ती जितक्या तारांना कापेल, त्या प्रत्येकीवर रजिस्टर हवं. दोन स्टेजसाठी असं:

```verilog
always @(posedge clk) begin
  p  <= a * b;
  c1 <= c;
  y  <= sat(p + c1);
end
```

चार स्टेज केल्यास c ला अ‍ॅडरपर्यंत दोन रजिस्टर लागतील. डेटासोबत valid असेल, तर त्यालाही प्रत्येक रेघेवर एक.

पुढे y परत अ‍ॅडरला जोडून बेरजा साठवायचा तुझा बेत आहे. त्या वळशात जादा रजिस्टर टाकलंस, तर पुढच्या बेरजेला आधीची बेरीज वेळेवर मिळणारच नाही. तो वळसा तसाच ठेव आणि त्याच्या आधीचा मल्टिप्लायर हवा तितका तोड. अ‍ॅडर-सॅच्युरेशनचा वळसा एका क्लॉकमध्ये बसवायचा म्हणजे पिरियड 5.5 च्या खाली जाणार नाही. ही मर्यादा गृहीत धरून आकडे पुन्हा काढ आणि मला पाठव.