पागडीची खोली: ७० लाख घ्यावेत की नव्या घराची वाट पाहावी?

प्रश्न: गिरगावात आमची २१० चौरस फुटांची पागडीची खोली आहे. इमारत उपकरप्राप्त, तीन मजली. गेल्या रविवारी मालकांनी सगळ्या भाडेकरूंना बोलावून सांगितलं की बिल्डर ठरलाय, इमारत पाडून टॉवर होणार, तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा. दोन पर्याय दिलेत. एक, नव्या इमारतीत ३६० फूट कार्पेट मालकी हक्काने, तोपर्यंत महिना ३० हजार भाडं आणि ३ लाख कॉर्पस. तीन वर्षांत ताबा देऊ म्हणतात. दुसरा, ७० लाख रोख घेऊन हक्क सोडायचा. मिस्टर ५६ वर्षांचे, खासगी नोकरी, दोन वर्षांत निवृत्त होतील. शिल्लक १८ लाख, दुसरं घर नाही. जवळच्या नव्या इमारतीत ४५ हजार रुपये फुटाने व्यवहार झालाय, साधं वन आरके भाड्याने ३५ हजारांना आहे. डोंबिवलीत ५५ लाखांत घर मिळतंय. भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते २०११ मध्ये गेले. काय करावं? – एक वाचक, गिरगाव

उत्तर: ताई, माझा कल नव्या घराकडे आहे, पण मालक म्हणतात त्या अटींवर नाही. सगळ्यात आधी ३६० हा आकडाच तपासू, कारण पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावली २०३४ मधल्या ३३(७) या नियमाखाली होतो. त्यात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट द्यावंच लागतं, मग जुनी खोली दीडशे फुटांची का असेना. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे मूळ हक्काच्या वर मिळणारं जादा क्षेत्र मिळतं, आणि पुनर्वसनाच्या घरांसाठी पालिका त्याचं अधिमूल्य घेत नाही. ३०० वर ३५ टक्के म्हणजे ४०५. गिरगाव-लालबागच्या बैठकांत हा ४०५ चा आकडा वारंवार ऐकू येतो तो इथून. तुम्हाला ३६० देऊ केलेत म्हणजे ४५ फूट बिल्डरने स्वतःकडे ठेवले. ४५ हजारांच्या दराने हे वीस लाखांच्या वर जातं. ३६० म्हणजे मेहरबानी अशा सुरात बोलणं झालं असेल, तर ती मेहरबानी नाही. ही मागणी एकट्याने नको, सगळ्या भाडेकरूंनी मिळून लेखी करा. प्रस्तावाला ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, त्यामुळे तुमचं वजन आत्ता, सह्या होण्याआधी आहे. सह्या झाल्यावर ते उरत नाही. म्हाडाची एनओसी मिळाली की आडून बसलेल्यांना म्हाडा कायद्याच्या कलम ९५अ खाली बाहेर काढता येतं.

आता ७० लाख विरुद्ध घर. हिशोब मुद्दाम कमीत कमी धरून करते, म्हणजे ३६० फुटांवरच. ४५ हजारांनी १ कोटी ६२ लाख होतात. पण पुनर्वसनाच्या विंगमधलं घर विक्रीच्या विंगपेक्षा स्वस्त जातं. लिफ्ट वेगळी, पार्किंग नाही, फिनिशिंग साधं. वीस टक्के कमी धरले तर साधारण १ कोटी ३० लाख उरतात. हे घर आज हातात नाही, म्हणून दरसाल ९ टक्क्यांनी त्याची आजची किंमत काढू. ताबा खरंच तीन वर्षांत मिळाला तर ती १ कोटी होते. पाच वर्षं लागली तर ८४ लाख, आठ वर्षं लागली तर ६५. बिल्डरने तिसऱ्या वर्षानंतर भाडं थांबवलं आणि ते तुमच्या खिशातून गेलं, तर सहाव्या वर्षाच्या आसपास घर आणि रोख रक्कम बरोबरीत येतात. म्हणजे प्रश्न ७० लाख की फ्लॅट असा नसून, हा बिल्डर सहा वर्षांच्या आत चावी देईल का, हा आहे.

रोखीच्या बाजूला कर विसरू नका. भाडेहक्क सोडून मिळालेली रक्कम भांडवली नफा धरली जाते. सासऱ्यांनी दिलेल्या पागडीची पावती असेल तर तेवढा खर्च वजा होतो; नसेल तर खर्च शून्य, आणि जुन्या घरांना मिळते तशी २००१ च्या बाजारभावाची मुभा भाडेहक्काला नाही. पैसे नुसते बँकेत ठेवलेत तर साडेबारा टक्के कर, वर अधिभार आणि उपकर, मिळून दहा लाखांच्या आसपास जातील. डोंबिवलीचं घर घेतलंत तर कलम ५४एफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीमुळे बहुतेक कर वाचेल. स्टँप ड्युटी, नोंदणी धरून ते घर ५९ लाखांवर जाईल, उरलेल्या भागावर दीड लाखाच्या आत कर लागेल आणि हातात साडेनऊ लाख राहतील. वाईट सौदा नाही. पण दक्षिण मुंबईतला हक्क कायमचा देऊन त्या बदल्यात डोंबिवलीतलं घर आणि साडेनऊ लाख, हे मला तरी कमी वाटतं. आकडा ९०-९५ लाखांवर गेला तर मी तुम्हाला रोख घ्यायला सांगेन, कारण निवृत्तीच्या तोंडावर बांधकामाची जोखीम गळ्यात न घेण्यालाही काही किंमत आहे. मालक ७० वरून वर यायला तयार आहेत का, हे विचारायला हरकत नाही. सोडलेली खोली त्यांना किती फायद्याची आहे हे त्यांना पुरतं माहीत आहे.

तीन महिन्यांत रिकामं करा, या वाक्याचं काय करायचं? तो मालकांचा अंदाज आहे, कायद्याची मुदत नाही. व्यवहाराचा क्रम असा असतो: भाडेकरूंची संमती, म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडून पात्र भाडेकरूंची यादी प्रमाणित होणं, मंडळाची एनओसी, पालिकेची आयओडी म्हणजे बांधकामाची प्राथमिक मंजुरी, मग प्रत्येक भाडेकरूशी पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार, आणि त्यानंतर खोली रिकामी करणं. बैठकीत मालकांना एकच विचारा, एनओसी कुठे आहे? ती नसताना तीन महिन्यांची भाषा असेल, तर बहुधा आधी इमारत रिकामी करून मग कागदांच्या मागे लागायचा बेत आहे. बरीच रखडलेली कामं अशीच रखडली. इमारत पाडलेली, मोकळ्या प्लॉटला पत्रे लावलेले, आणि भाडेकरू विरारला.

याला अपवाद एकच. इमारत अतिधोकादायक म्हणजे सी-वन ठरली आणि पालिकेची कलम ३५४ ची नोटीस आली, तर जिवासाठी बाहेर पडावंच लागेल. त्याने भाडेहक्क जात नाही. फक्त पाडण्याआधी पालिकेकडून खोलीच्या क्षेत्रफळाची नोंद करून घ्या आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवा.

करारात पाहायच्या गोष्टी अनेक आहेत, त्या तुमचा वकील पाहील. पैशांच्या बाजूने मला दोनच महत्त्वाच्या वाटतात. पहिली, भाड्याची. ३० हजार मिळणार आणि जवळपास ३५ हजार लागणार, वर डिपॉझिट आणि दलाली. दरवर्षी वाढ लिहून घ्या. पहिल्या वर्षाचं भाडं चावी देताना एकरकमी आणि पुढचे पुढच्या तारखांचे चेक घ्या. ताबा मिळेपर्यंत भाडं सुरू राहील असं स्पष्ट लिहिलेलं हवं. छत्तीस महिने एवढंच लिहिलं असेल तर सदतिसाव्या महिन्यात तुमचे हात रिकामे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२४ च्या एका निकालानुसार असं संक्रमण भाडं करपात्र उत्पन्न नाही, त्यावर टीडीएस कापू देऊ नका. मिस्टरांची नोकरी संपेपर्यंत गिरगावात राहा, नंतर मात्र डोंबिवलीकडे पंधरा हजारांच्या आसपास भाड्याने जाता आलं तर जा, आणि उरलेले पैसे बाजूला टाका. तुमच्या १८ लाखांपैकी ७ लाख वेगळ्या मुदत ठेवीत अडकवा. बिल्डरने दीड वर्ष भाडं थकवलं तरी ३५ हजारांनी ते पुरतील, आणि भाड्यापायी घाईघाईत हक्क विकायची वेळ येणार नाही.

दुसरी, नव्या घराच्या मेंटेनन्सची. टॉवरमध्ये महिना सात हजार धरा. ३ लाखांच्या कॉर्पसवर ७ टक्क्यांनी महिन्याला साडेसतराशे मिळतील. उरलेले सव्वापाच हजार निवृत्तीनंतर दर महिन्याला कुठून येणार? सगळ्या भाडेकरूंनी कॉर्पस वाढवून मागावा, तोही सोसायटीच्या नावावर. जमलं नाही तर भाड्यातून वाचलेली रक्कम यासाठीच राखून ठेवा.

बिल्डर पाहताना त्याची माहितीपत्रकं बाजूला ठेवा. महारेराच्या संकेतस्थळावर त्याचे आधीचे प्रकल्प उघडा आणि पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते बघा. त्यातल्या एखाद्या पुनर्विकासाच्या जागी जाऊन भाडं वेळेवर येतं का, हे तिथल्या जुन्या भाडेकरूंनाच विचारा. दोन ठिकाणी भाडं थकलेलं निघालं, तर वरचा सहा वर्षांचा हिशोब उलटा फिरतो. मग रोख घेणंच बरं, अगदी ७० असले तरी.

राहिली भाडेपावती. हे काम आधी करा, कारण रोख घ्या किंवा घर घ्या, ज्याच्या नावावर हक्क त्याचीच सही चालणार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार भाडेकरूच्या निधनाच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क येतो. मिस्टर तेव्हा तिथेच राहत असतील तर त्यांची बाजू भक्कम आहे. दीर-नणंद असतील तर त्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं आत्ताच घ्या. चावी देण्याच्या दिवशी ती मागायला गेलात तर हिस्सा किती, हा विषय निघेल. ३३(७) खाली १३ जून १९९६ ला असलेले भाडेकरू पात्र धरले जातात, म्हणून त्याआधीच्या भाडेपावत्या, रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादीतलं नाव असं जे सापडेल ते एका फाईलमध्ये लावा. मालकांना पावती मिस्टरांच्या नावावर करून देण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नाव बदलायचे पैसे मागितले तर आकडा ऐकून घ्या, पण संमतीपत्रावर सही त्याआधी करू नका. मालकांना तुमची सही जितक्या घाईने हवी आहे, तितक्या घाईने पावती बदलून मिळायची ही एकच वेळ आहे.