डांगर, कोहळं आणि भोपळा: नावं तीच, फळं वेगळी

प्रश्न: मी यवतमाळची, लग्नानंतर नाशिकला आले. इथे भाजीवाल्याला डांगर मागितलं तर त्याने लाल भोपळ्याची फोड कापली. कोहळं मागितलं तर भलतंच पांढरट फळ पुढे केलं. दोन्ही शब्द मराठीच आहेत, मग अर्थ का बदलतात? चूक माझी की त्याची?

उत्तर:

ताई, चूक कुणाचीच नाही. तुम्ही दोघं आपापल्या भागातली बरोबर मराठी बोललात.

आधी डांगर घेऊ. तुमच्या विदर्भात डांगर म्हणजे खरबूज. उन्हाळ्याच्या तोंडाशी नदीचं पाणी ओसरलं की वाळूत टरबूज, डांगर, काकडीचे वेल लावतात आणि त्या जागेला डांगरवाडी म्हणतात. नाशिकला डांगर म्हणजे लाल भोपळा, ज्याची भाजी होते, घारगे होतात. नगरकडे आणि मराठवाड्यातही बऱ्याच ठिकाणी हाच अर्थ चालतो. पुण्याच्या किंवा कोकणातल्या घरात हाच शब्द काढलात तर फळाचा विषयच संपतो. तिथे डांगर म्हणजे पापडांसाठी कुटून मऊ केलेला उडदाच्या पिठाचा गोळा, नाहीतर उडदाच्या पिठात दही, कांदा, हिरवी मिरची घालून कालवलेलं तोंडीलावणं.

आता कोहळं. इथल्या भाजीवाल्याने पुढे केलं ते खरं तर शब्दाचं जुनं फळ. वर राखेसारखी पांढरी पूड, आत पांढरा पाणीदार गर. दुकानाच्या, घराच्या दारावर टांगतात, वास्तुशांतीला कुंकू लावून फोडतात, त्याचाच आग्र्याचा पेठा होतो. संस्कृतातलं कूष्माण्ड ते हेच, आणि प्राकृतातून घासत घासत त्याचं कोहळा झालं. तुमच्याकडे मात्र कोहळं म्हटलं की लाल, गोडसर गराचं फळ डोळ्यांसमोर येतं आणि त्याची बोंडं आठवतात.

हे असं का झालं, याचं उत्तर त्या लाल फळाच्या इतिहासात आहे. लाल भोपळा आपल्याकडचा नव्हेच. तो मूळ अमेरिका खंडातला. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका यांच्यासारखाच तोही १५व्या शतकाच्या अखेरीस युरोपीय जहाजं तिकडे पोचल्यानंतरच जुन्या जगात आला. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही मराठी माणसाला त्याच्यासाठी शब्द असण्याचं कारणच नव्हतं. कोहळा मात्र इथे फार जुना. दुधी भोपळा तर त्याहून जुना म्हणता येईल इतका ओळखीचा. खरबूजही कितीतरी आधीपासूनचं.

नवं फळ दारात आलं की लोक शब्द घडवायला बसत नाहीत. ज्याच्यासारखं ते दिसतं त्याचं नाव त्याला देऊन टाकतात. लाल भोपळा वेलीवर येतो, मोठा गोल होतो, साल जाड असते, माळ्यावर ठेवला तर महिनोन्महिने टिकतो. विदर्भात कुणाला तो कोहळ्यासारखा वाटला, म्हणून तो कोहळं झाला. पुण्याकडे तो भोपळ्याच्या घरात गेला. नाशिककडे तो डांगर झाला. प्रत्येक भागाने स्वतंत्रपणे एक जुनं नाव निवडलं, आणि ते जुनं नाव आधीच दुसऱ्या फळाला होतं. तुमचा सगळा गोंधळ तिथे जन्मला.

बटाट्याचं उदाहरण शेजारी ठेवलं की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून वस्तूबरोबरच किनाऱ्यावर उतरला आणि पश्चिम महाराष्ट्राने तो जसाच्या तसा घेतला, त्यामुळे त्याचा इतर कशाशी घोळ झाला नाही. विदर्भात मात्र हिंदीच्या शेजारामुळे आलू आला, आणि आलू हे मुळात जमिनीखालच्या कंदाचं जुनं नाव. रताळ्याच्या पोटातही तेच लपलंय, रक्त आणि आलु. म्हणून नागपूरचा आलूबोंडा ऐकून पुण्याच्या माणसाला क्षणभर अळूची पानं आठवतात.

भोपळ्याकडे परत येते, कारण त्यात नावाची सरकासरक सगळ्यात छान दिसते. मुळात मराठीत भोपळा म्हणजे दुधीच्या जातीचं फळ. वाळवून पोकळ झालेला भोपळा पोहायला शिकताना पाठीला बांधायचे, आणि तंबोऱ्याचा भोपळा आजही त्याच जातीचा असतो. मिरजेचे तंबोरे-सतारी घडवणारे तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने आणतात. मग नवं फळ आलं. सुरुवातीला त्याला ‘लाल’ किंवा ‘तांबडा’ असं विशेषण लावावंच लागलं असणार, नाहीतर कळलं नसतं. हळूहळू नवं फळ इतकं घरोघर झालं की नुसतं भोपळा म्हटलं तरी अनेकांना लालच आठवू लागला, आणि जुन्या मालकाला ‘दुधी’ हे विशेषण चिकटलं. पुढे तो नुसता दुधीच उरला. ज्याला विशेषण लावावं लागतं तो त्या भागात पाहुणा, ज्याला लागत नाही तो घरचा. बोलीतला अर्थ तपासायला मी हीच खूण सगळ्यात आधी पाहते. विदर्भात राखाडी कोहळ्याला ‘पांढरा’ म्हणून वेगळं काढावं लागतं, नाशिकला लागत नाही. एवढ्यावरून कुठल्या भागात नुसता कोहळा कुणाचा, ते कळतं.

उडदाच्या डांगराची गोष्ट मात्र मी या साखळीत ओढणार नाही. फळाचं नाव दुसऱ्या फळाला गेलं हे समजण्यासारखं आहे. पिठाचा गोळा आणि वेलीवरचं फळ यांच्यात अर्थाचा तसा पूल बांधता येत नाही. पुरावा हाती येत नाही तोवर असे शब्द मुळात एकच आहेत असं धरू नये, उच्चाराने योगायोगानेही एकसारखे झालेले असू शकतात. शब्द एक आणि अर्थ सरकलेला, की मुळात शब्दच दोन, हे वेगळं केलं नाही तर माणूस वाटेल त्या व्युत्पत्त्या रचत बसतो. लोक त्या आवडीने सांगतात, म्हणून जास्त जपायला हवं.

जिल्ह्याची हद्द ही बोलीची हद्द असते असंही समजू नका. माझं माहेर बागलाणातलं. आमच्याकडे लाल भोपळ्याला गंगाफळ म्हणतात, आणि अहिराणीत ळ चा य होत असल्याने आजीच्या तोंडी ते गंगाफय असायचं. नाशिक शहरात आले तर तेच डांगर. जिल्हा तोच, पण मालेगाव, सटाणा, देवळा, कळवणकडे अहिराणी, सिन्नर-निफाडकडे देशावरची बोली, आणि पेठ-सुरगाण्याकडे पुन्हा निराळ्या बोली. बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार भरतो, तिथे हे सगळे एकाच ओळीत पाल टाकून बसलेले असतात, एकाच ढिगाला दोन पालांवर दोन नावं. (आणि गंगाघाट म्हणजे गोदावरीचा घाट बरं का. नाशिककर ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणाला तर त्याला काशीला पोचवू नका. इथे गंगा म्हणजे गोदावरीच.)

यातून खरा त्रास होतो तो स्वयंपाकात. माझ्या शेजारणीने वऱ्हाडातल्या नणंदेकडून कोहळ्याच्या बोंडांची कृती फोनवर लिहून घेतली. कोहळं किसायचं, गुळात शिजवायचं, त्यात मावेल तेवढी कणीक घालायची आणि तळायचं. तिने इथल्या अर्थाने पांढरा कोहळा आणला. त्याच्या किसाला पाणी सुटतच राहिलं. गूळ घातल्यावर आणखी पातळ झालं. कणीक वाढवत गेली तशी बोंडं जड झाली, आत चिकट राहिली, आणि रंग काही आला नाही. लाल फळाचा गर शिजला की आटून घट्ट होतो, स्वतःची गोडी आणि पिवळा-केशरी रंग देतो. पांढऱ्याकडे यातलं काहीच नाही, त्याचा उपयोग साखरेच्या पाकात मुरवून पेठा किंवा वड्या करायला. उलटही होतं. आयुर्वेदातल्या कूष्मांडावलेहात कोहळा सांगितलाय तो पांढराच. विदर्भातल्या घरात ते वाचून कुणी लाल फळ घेतलं तर ते औषध वेगळंच होईल.

म्हणून कृती दुसऱ्या भागातली असेल तर फळाचं नाव विचारून थांबू नका, आतला गर कोणत्या रंगाचा आणि कृतीत पाणी पिळून टाकायला सांगितलंय का, एवढं विचारा. या दोन प्रश्नांत फळ ओळखू येतं. म्हणीवर मात्र विसंबू नका. आवळा देऊन कोहळा काढणं दोन्हीकडे सारख्याच अर्थाने बोलतात, कारण आवळ्यापुढे दोन्ही फळं मोठीच.

बोलींचा अभ्यास करणारेही म्हणूनच ‘डांगर म्हणजे काय?’ असं विचारत बसण्यापेक्षा वस्तू किंवा तिचं चित्र समोर ठेवून ‘तुम्ही याला काय म्हणता?’ विचारतात. शब्दापासून सुरुवात केली तर समोरचा फक्त स्वतःच्या अर्थाला हो म्हणतो आणि बाकीची नावं हाती लागत नाहीत. शब्दकोशाचीही तीच अडचण. तो एका शब्दाचे चार अर्थ एका ओळीत देतो, पण कोणता अर्थ कोणत्या तालुक्यात चालतो हे त्यातून क्वचितच कळतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यात गावोगावचे शब्द नकाशावर दाखवलेत. ते बघणार असाल तर नात्यांच्या शब्दांपासून सुरुवात करा. तुमच्या यवतमाळात भाऊजी म्हणजे बहिणीचा नवरा, आणि इकडच्या पुष्कळ घरांत भावजी म्हणजे दीर. सासरी हा शब्द वापरायच्या आधी तिथला अर्थ विचारून घ्या, त्यात भाजीपेक्षा जास्त अवघडल्यासारखं होतं.

बाजाराचं म्हणाल तर इथे बोंडांसाठी डांगर मागा, किंवा सरळ ‘लाल भोपळा’ म्हणा, अर्धा किलोची फोड कापून देतात. दारावर टांगायला कोहळा मागा, तो अख्खाच घ्यावा लागतो. भाजीचा दुधी म्हणजे दुधीच, त्यात वाद नाही. आणि तुमचं डांगर हवं असेल तर भाजीच्या ओळीत शोधू नका, उन्हाळ्यात फळवाल्याकडे जाऊन खरबूज म्हणा.