सर्दीनंतर बेंबीभोवती दुखतंय, तर आधी हे बघा

ताई, सर्दी-खोकल्याच्या विषाणूंशी लढताना आतड्यांजवळच्या लसिका गाठीही सुजतात. त्यामुळे मूल बेंबीवर हात ठेवून कळवळतं आणि अर्ध्या तासाने पुन्हा खेळायला लागतं. असं दोन-तीन आठवडे अधूनमधून चालू शकतं. सोनोग्राफीत ‘गाठी’ लिहून आलं की घरचे लगेच टीबीवर जातात. पण वजन टिकून असेल, रेंगाळणारा ताप नसेल, तर ती शक्यता कमी.

अपेंडिक्सचं दुखणंही बेंबीपाशीच सुरू होतं, गोंधळ तिथेच होतो. फरक पुढच्या काही तासांत कळतो: दुखणं उजवीकडे खाली सरकतं, थांबत नाही, वाढतच जातं. मूल वाकून चालतं, आवडीचा खाऊही नको म्हणतं, मग उलट्या होतात. एकदा उडी मारायला सांगा. उडी मारताना कळ येत असेल किंवा ते नकोच म्हणत असेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. हिरवी उलटी, शौचात रक्त किंवा मुलाच्या अंडकोषात दुखत असेल तरीही तसंच. मात्र उडी मारली म्हणून निर्धास्त होऊ नका, लहानग्यांत लक्षणं फसवी असतात. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नसेल, तर डॉक्टरांना पोट पुन्हा तपासायला सांगा.

आणि आजी म्हणाल्या तरी एरंडेल देऊ नका.